तारण भक्कम, रुपया दुबळा

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा रिझर्व्ह बँकेचे हिशेब पाहणाऱ्या कोणालाही रुपयाची चिंता वाटली नसती. कायद्याची अट अशी होती की, बँकेने जेवढ्या नोटा बाजारात आणल्या असतील त्यांच्या किमान चाळीस टक्के किमतीचे सोने किंवा ब्रिटिश पौंडातले रोखे तारण म्हणून जवळ ठेवावेत. प्रत्यक्षात हे तारण नव्वद टक्क्यांच्याही वर गेले होते. त्याआधी रुपयाच्या नोटेमागे एवढे भक्कम तारण क्वचितच असेल. आणि तरीही १९३९ च्या ऑगस्टमध्ये घाऊक बाजारात जो माल शंभर रुपयांना मिळत होता, त्याला १९४५ मध्ये २४५ रुपये मोजावे लागत होते. म्हणजे सहा वर्षांत सोळा आण्यांच्या रुपयाची किंमत साडेसहा आण्यांवर आली.

चलन जास्त झाले की त्याची खरेदीची ताकद का घटते, हे समजून घ्यायला जर्मनीतल्या १९२३ च्या नोटांच्या ढिगांचे उदाहरण नेहमी दिले जाते. मला भारताचे उदाहरण जास्त शिकवणारे वाटते. जर्मनीत सरकारने बेफाम नोटा छापल्या हे उघड दिसत होते. भारतात मात्र एकही नियम मोडला गेला नाही, एकही नोट बिनतारणाची निघाली नाही, आणि तरीही पगारदार माणसाच्या खिशातून निम्म्याहून जास्त मूल्य निघून गेले.

नवा रुपया जन्माला कसा येत होता, ते पायरीपायरीने पाहू. ब्रिटिश सैन्याला खाकी कापड, तंबू, बूट, धान्य, लाकूड असे पुष्कळ काही भारतातून हवे होते. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडन आणि दिल्ली यांच्यात एक आर्थिक करार झाला. भारताच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च भारत सरकारने सोसायचा आणि ब्रिटनच्या वतीने झालेला खर्च ब्रिटनने द्यायचा, असा त्याचा गाभा. आता समजा मुंबईच्या एका गिरणीकडून सैन्यासाठी दहा लाख रुपयांचे कापड घेतले. त्या वेळी एक रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स असा दर ठरलेला होता, म्हणजे पौंडाला सव्वातेरा रुपयांहून थोडे जास्त. दहा लाखांचे होतात पंचाहत्तर हजार पौंड. हे पंचाहत्तर हजार पौंड ब्रिटिश सरकार लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर जमा करी. रिझर्व्ह बँक त्या पौंडांत ब्रिटिश सरकारचेच रोखे विकत घेऊन ठेवी. त्या रोख्यांच्या तारणावर इथे मुंबईत दहा लाख रुपये निर्माण होत आणि भारत सरकारमार्फत गिरणीमालकाच्या हाती पडत.

व्यवहार कागदोपत्री चोख आहे. पण नीट पाहिले तर काय घडले? कापड गेले उत्तर आफ्रिकेच्या किंवा इराकच्या वाटेने. पौंड राहिले लंडनमध्ये, आणि युद्ध चालू असेपर्यंत ते तिथून उचलून माल आणायची सोय नव्हती, कारण ब्रिटनकडे विकायला माल नव्हता आणि माल आणायला जहाजे नव्हती. भारतात मागे उरले ते फक्त दहा लाख नवे रुपये. माल कमी झाला आणि तो विकत घेऊ पाहणारा पैसा वाढला, आणि या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात झाल्या.

हे दहा लाख दहा लाखांवर थांबतही नाहीत. गिरणीमालक ते आपल्या बँकेत ठेवतो. बँकेला त्यातला थोडाच भाग रिझर्व्ह बँकेकडे आणि तिजोरीत राखून ठेवावा लागतो, बाकीची रक्कम ती सरकारी रोख्यांत घालते किंवा कापूस भरणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याला उसनी देते. तो व्यापारी ती ज्याला देतो, तो ती पुन्हा कुठल्या तरी बँकेत ठेवतो. गिरणीमालकाच्या पासबुकावरचे दहा लाख तसेच शाबूत असतात आणि व्यापाऱ्याने खर्च केलेले पैसे दुसऱ्या कोणाच्या तरी पासबुकावर नव्याने उमटलेले असतात. म्हणून अर्थशास्त्रात देशातला पैसा मोजताना केवळ नोटा आणि नाणी मोजत नाहीत, लोकांच्या बँकेतल्या ठेवीही धरतात, कारण धनादेश लिहून ठेवीनेही माल विकत घेता येतो. युद्धाच्या काळात भारतातल्या मोठ्या बँकांच्या ठेवी तिपटीहून जास्त झाल्या, आणि ठिकठिकाणी नव्या बँका व शाखा उघडल्या त्या याच पैशाच्या जोरावर.

नोटांचा आकडा तर डोळ्यांत भरण्यासारखा आहे. युद्ध सुरू झाले तेव्हा देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. १९४६ च्या सुरुवातीला हा आकडा १२०० कोटींच्या आसपास पोहोचला होता. नोटा छापण्याचे काम नाशिकच्या सरकारी छापखान्यात १९२८ पासूनच होत होते, आता त्याचा वेग वाढला. रिझर्व्ह बँकेकडचे सोने मात्र पूर्ण युद्धभर ४४ कोटी रुपयांच्या आसपास जिथल्या तिथेच होते. वाढले ते लंडनमधले रोखे.

नाण्यांचीही तीच गत झाली, फक्त तिथे ती हाताला जाणवत होती. १९४० मध्ये लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये साठवायला सुरुवात केली आणि बाजारात मोड मिळेनाशी झाली. सरकारने एक रुपयाची नोट काढली, रुपयातली चांदी अकरा-बारांशावरून निम्म्यावर आणली, आणि राणी व्हिक्टोरियाचा छाप असलेले जुने चांदीचे रुपये १९४१ मध्ये चलनातून काढून घेतले. १९४३ मध्ये तांबे वाचवायला पैशाच्या मधोमध मोठे भोक पाडले गेले. आजही जुन्या घरांतल्या डब्यांत हा भोकाचा पैसा सापडतो. पण रुपयाची ताकद घटली ती चांदी कमी झाल्यामुळे नव्हे, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. लोक बाजारात चांदी देऊन ज्वारी घेत नव्हते, रुपया देऊन घेत होते, आणि ज्वारीच्या मानाने रुपये फार झाले होते.

इथे एक प्रश्न स्वाभाविकच येतो. नोटा साडेसहा पट झाल्या, मग भाव अडीच पटच का वाढले? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की विषयाचा बराचसा भाग उलगडतो.

युद्धाच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांत नोटा दुपटीच्या वर गेल्या, भाव मात्र तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून थोडेच जास्त वाढले. १९३० नंतरच्या मंदीतून देश नुकता कुठे सावरत होता. गिरण्यांत बंद पडलेले माग होते, कामाच्या शोधात असलेली माणसे होती. नव्या पैशाने मागणी वाढली तशी दुसरी आणि तिसरी पाळी सुरू झाली, जास्त माल तयार झाला, आणि पैसा व माल काही काळ बरोबरीने वाढत राहिले. नवे रुपये ज्या गावांत पोहोचले तिथल्या शेतकऱ्यांनी ते लगेच खर्चही केले नाहीत. हाताशी चार पैसे असण्याची त्यांची कित्येक वर्षांची गरज भागत होती, म्हणून नोटा घरात राहिल्या. पैसा वाढला की दुसऱ्याच दिवशी त्याच प्रमाणात भाव वाढतात, असे जे कोणी सांगतात ते चूक सांगतात. रिकामे हात आणि रिकामे माग जोवर शिल्लक आहेत आणि लोक पैसा जवळ बाळगायला तयार आहेत, तोवर नवा पैसा पचतो.

पचायचा थांबला तो १९४२ मध्ये. गिरण्या आता पूर्ण जोराने चालू होत्या, त्यापुढे वाढायला नवी यंत्रे हवी होती आणि ती परदेशातून येत नव्हती. मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातून दरवर्षी येणारा तांदूळ बंद झाला. त्याच वर्षी सैन्याची मागणी सर्वांत वेगाने वाढली, म्हणजे नव्या रुपयांचा ओघही वाढला. माल जिथल्या तिथे थांबला आणि पैसा धावत राहिला. मग लोकांच्या वागण्यातही फरक पडला. उद्या भाव आणखी चढणार अशी खात्री झाली की नोट जवळ ठेवण्यापेक्षा धान्याचे पोते, कापडाचा तागा किंवा सोन्याचा तुकडा जवळ ठेवणे शहाणपणाचे ठरते. व्यापारी साठा करतो, शेतकरी माल उशिरा काढतो, गृहिणी महिन्याऐवजी तीन महिन्यांचे धान्य भरते. तीच नोट आता वर्षातून जास्त वेळा हात बदलते. नोटांची संख्या एकपट वाढली तरी त्यांचा परिणाम दीडपट होतो. १९४२-४३ आणि १९४३-४४ या दोन वर्षांत घाऊक भावांनी जी उडी घेतली तिच्यात हा वेग मिसळलेला आहे.

याची सर्वांत भयंकर किंमत बंगालने मोजली. कलकत्त्यात तांदूळ डिसेंबर १९४२ मध्ये मणाला तेरा-चौदा रुपये होता, तो मे १९४३ मध्ये तीस रुपयांच्या वर गेला. बंगालच्या दुष्काळाला कारणे अनेक होती: चक्रीवादळ, ब्रह्मदेशचा तुटलेला पुरवठा, किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेण्याचे सरकारी धोरण, प्रांताप्रांतांतली धान्यबंदी, वेळेवर मदत न पोहोचवणे. चलनवाढीवर सगळे ढकलणे अन्यायाचे होईल. पण अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलेली गोष्ट या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. नवा पैसा सर्वांच्या हाती एकाच वेळी पडत नाही. तो पडला कलकत्त्याच्या कारखान्यांत, लष्करी बांधकामांवर, कंत्राटदारांकडे. त्यांनी बाजारात जाऊन चढ्या भावाने तांदूळ घेतला. खेड्यातल्या शेतमजुराची, कोळ्याची, न्हाव्याची मजुरी मात्र होती तिथेच राहिली. त्यांच्या रुपयाला आता पूर्वीच्या निम्माही तांदूळ येईना. लाखो माणसे मेली, आणि मरणाऱ्यांत सर्वांत जास्त भूमिहीन मजूर होते.

या सगळ्या काळात दिल्लीतल्या अधिकाऱ्यांचा युक्तिवाद एकच होता. प्रत्येक रुपयामागे स्टर्लिंग आहे, मग याला चलनफुगवटा कसे म्हणायचे? भाव वाढताहेत ते साठेबाजांमुळे. यावर उत्तर द्यायला जे अर्थशास्त्रज्ञ उभे राहिले, त्यांत मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील होते आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. वकिलांचे रुपयाच्या घसरणीवरचे पुस्तक आणि गाडगीळ व एन. व्ही. सोवनी यांचे युद्धकालीन अर्थनीतीवरचे पुस्तक, दोन्ही १९४३ मध्येच आली. त्याच वर्षी देशातल्या अनेक अर्थशास्त्रज्ञांनी एकत्र निवेदन काढून सरकारला बजावले की, हा खर्च कर आणि कर्जांतून न भागवता नव्या चलनातून भागवला जातो आहे आणि यासारखी विनाशकारी चलनवाढ दुसरी नाही.

अर्थशास्त्रज्ञ बरोबर होते आणि सरकार चूक होते, हे मी ठामपणे म्हणतो. तारणाचा उपयोग कोणता? ज्याच्याकडे नोट आहे त्याला तिच्या बदल्यात ती वस्तू मिळत असेल किंवा बँक ते तारण विकून बाजारातल्या जादा नोटा परत गोळा करत असेल, तर तारणाला अर्थ आहे. लंडनमध्ये अडकलेल्या रोख्यांनी यांपैकी काहीच होत नव्हते. साताऱ्याच्या माणसाला ते रोखे खाता येत नव्हते आणि त्यांनी कापडही मिळत नव्हते. उलट रोखे जितके वाढत तितक्या नोटा वाढत, कारण नोटा त्यांच्यामुळेच निघत होत्या. तारण भक्कम झाल्यामुळेच रुपया दुबळा होत होता. साठेबाजांचे म्हणाल तर ते होतेच, पण साठेबाजी फायद्याची ठरते ती भाव चढत राहणार असतात म्हणून, आणि ते चढत राहावेत याची तजवीज सरकारच्या खर्चाच्या पद्धतीनेच केली होती.

नुकसान कोणाचे झाले हे एका साध्या हिशेबात दिसते. समजा पुण्यातल्या एका निवृत्त कारकुनाला १९३९ मध्ये महिन्याला चाळीस रुपये पेन्शन होती. १९४५ मध्येही ती चाळीसच आहे. त्या चाळीस रुपयांत आता युद्धापूर्वीच्या सोळा रुपयांचा माल येतो. कोणी त्याच्या पेन्शनला हात लावला नाही, कोणता कर बसवला नाही, तरी त्याचे चोवीस रुपये गेले. आता समजा एका शेतकऱ्यावर १९३९ मध्ये सावकाराचे दोनशे रुपये कर्ज होते आणि ज्वारी चार रुपये मण होती. ते फेडायला त्याला पन्नास मण ज्वारी विकावी लागली असती. ज्वारी दहा रुपये मण झाली तेव्हा वीस मणांत तो मोकळा झाला. ज्याच्याकडे विकायला माल होता आणि ज्याच्यावर कर्ज होते, असे कित्येक शेतकरी या वर्षांत खरोखरच सावकाराच्या तावडीतून सुटले. पैसे ज्याचे येणे होते, ज्याची मिळकत ठरलेली होती, ज्या विधवेने पोस्टात शिल्लक ठेवली होती, त्यांच्याकडून हे मूल्य गेले. महागाई भत्ता पगारात कायमचा रुळला तो याच वर्षांत. मुंबईच्या गिरणी कामगारांनी तो राहणीमानाच्या निर्देशांकाशी जोडून घेतला आणि त्यामुळे ते काही अंशी तरी वाचले. शेतमजुराला असा निर्देशांक नव्हता.

१९४३ च्या ऑगस्टमध्ये चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले देशमुख हे त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. त्याच महिन्यापासून एक उपाय सुरू झाला, आणि पैसा कमी कसा करतात हे तो फार स्पष्टपणे दाखवतो. ब्रिटन आणि अमेरिका यांच्या वतीने रिझर्व्ह बँक मुंबईच्या बाजारात सोने विकू लागली. गिऱ्हाइकाने नोटा द्यायच्या आणि सोने न्यायचे. त्या नोटा मित्रराष्ट्रांच्या खात्यावर जमा होत आणि त्यांतून लष्करी खर्च भागे, म्हणजे तेवढ्या खर्चासाठी नव्या नोटा काढाव्या लागत नसत. लंडनच्या सरकारी भावाने सोने तोळ्याला साधारण बेचाळीस रुपये पडत होते आणि मुंबईत ते त्याहून पुष्कळ चढ्या भावाने विकले जाई. तो फरक भारताच्या वाट्याला का येऊ नये, यावर तेव्हा बराच वाद झाला आणि तो वाद रास्त होता. जादा नफ्यावरचा कर, सक्तीच्या ठेवी, संरक्षण कर्जरोखे यांचेही काम हेच होते. खर्च झालेला पैसा लोकांकडून परत घ्यायचा.

दुसऱ्या बाजूला रेशन आणि भावबंदी आली. मुंबईत रेशन सुरू झाले ते १९४३ च्या मे महिन्यात, मग कापडावर नियंत्रण आले. गाडगीळांचा रेशनला जोरदार पाठिंबा होता, आणि तो का होता हे बंगालकडे पाहिल्यावर सांगावे लागत नाही. धान्य थोडे असताना ते ज्याच्याकडे नोटा जास्त त्याला द्यायचे की सर्वांना सारखे, हा प्रश्न रेशन सोडवते, आणि मुंबईने तो बऱ्यापैकी सोडवला. पण पैसा जास्त झाला आहे, हा प्रश्न रेशन सोडवत नाही. कार्डावरचे धान्य घेऊन झाल्यावर उरलेला पैसा माणसाच्या हातात तसाच असतो. तो काळ्या बाजारात जातो, किंवा नोटांच्या रूपात पडून राहतो. नोटा साडेसहा पट आणि भाव अडीच पट या तफावतीचा मोठा हिस्सा इथे आहे. शिवाय २४५ हा आकडा सरकारी भावांवर बेतलेला होता, काळ्या बाजारात रुपया त्याहूनही हलका झालेला होता. १९४६ च्या जानेवारीत सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या त्या या काळ्या पैशावर नजर ठेवूनच.

दाबून ठेवलेली ही महागाई खरी किती होती, याचा पुरावा स्वातंत्र्यानंतर लगेच मिळाला. १९४७ च्या डिसेंबरपासून नियंत्रणे टप्प्याटप्प्याने उठवली गेली. युद्धापूर्वीचे भाव १०० धरले तर नोव्हेंबर १९४७ मध्ये घाऊक भाव ३०२ वर होते. जुलै १९४८ मध्ये ते ३९० च्या घरात गेले. आठ महिन्यांत एवढी वाढ व्हावी असा नव्या नोटांचा पूर त्या आठ महिन्यांत आला नव्हता. नोटा जुन्याच होत्या, युद्धात निघालेल्या. त्यांना माल मागायची मोकळीक आता मिळाली. रुपया १९४५ मधल्या साडेसहा आण्यांवरून जेमतेम चार आण्यांवर आला, आणि त्याच वर्षी सरकारला नियंत्रणे पुन्हा आणावी लागली.

राहिले ते लंडनमधले पौंड. युद्ध संपेपर्यंत भारताचे ब्रिटनकडे १३० कोटी पौंडांच्या आसपास येणे झाले होते. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने, ज्यात देशमुखही होते, हा प्रश्न मांडला, पण ब्रिटनने तो परिषदेच्या कक्षेत येऊ दिला नाही. मग दोन देशांतल्या वाटाघाटींतून ही रक्कम थोडी थोडी मोकळी होऊ लागली. १९४८ च्या करारात त्यातले १० कोटी पौंड ब्रिटिश सैन्य भारतात सोडून गेलेल्या लष्करी सामानाच्या किमतीपोटी वळते झाले आणि सुमारे १७ कोटी पौंड ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनीसाठी बाजूला काढले गेले. उरलेल्या पौंडांतून यंत्रे आणि धान्य घ्यायचे तर ब्रिटनमध्येही युद्धाने भाव चढलेले होते. आणि भारताला हवी असलेली बरीच यंत्रसामग्री व धान्य मिळत होते अमेरिकेत, डॉलर मोजून. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. रुपयाही पौंडाबरोबर खाली आला. आदल्या दिवशी एका पौंडाला ४.०३ डॉलर मिळत होते, दुसऱ्या दिवशी २.८० मिळू लागले.